जिम सोडलेल्या मेंबरला परत बोलावणारा मेसेज: टोमणा न मारता कसा लिहायचा

वस्तीतल्या जिमचा साधारण अनुभव असा. जानेवारीत आणि दिवाळीनंतर रांग लागते, दोन-अडीच महिन्यांत निम्मे चेहरे दिसेनासे होतात, आणि पॅकेज संपलं की काउंटरवरच्या वहीत त्यांच्या नावापुढे लाल पेनाने तारीख पडते. मग एखाद्या रिकाम्या दुपारी मालक त्या सगळ्यांना एकच मेसेज पाठवून देतो. सहसा तो असा असतो:

"नमस्कार मॅडम, कुठे गायब झालात?? गेले 3 महिने तुम्ही जिमला आलेल्या नाहीत. आरोग्य हीच खरी संपत्ती! आळस झटका आणि आजच रिन्यू करा. खास तुमच्यासाठी वार्षिक पॅकेजवर 40% सूट. ऑफर फक्त रविवारपर्यंत!"

याला उत्तर येत नाही. आलंच तर हात जोडलेलं चिन्ह येतं, आणि महाराष्ट्रात त्याचा अर्थ बहुतेक वेळा 'पुरे आता' असाच असतो. मेसेज वाईट हेतूने लिहिलेला नाही, पण वाचणाऱ्याच्या बाजूने तो वाचून पाहा. 'गायब झालात' म्हणजे तुम्ही काहीतरी चुकवलंत. 'गेले 3 महिने' म्हणजे आम्ही हजेरी मोजतोय. 'आळस झटका' म्हणजे कारण आम्हाला माहीत आहे आणि ते तुमच्या स्वभावात आहे. प्रत्यक्षात त्या बाईच्या सासूबाईंचं ऑपरेशन झालेलं असू शकतं, नोकरीची पाळी बदललेली असू शकते किंवा गुडघा दुखत असू शकतो. जिम सुटल्याची टोचणी माणसाला आधीच असते. ती आणखी वाढवली की तो जिमच्या रस्त्याने जायचंही टाळतो. कित्येक जण तर ट्रेनर समोरून येताना दिसला की फोन कानाला लावतात.

म्हणून मेसेज लिहिताना एकच प्रश्न समोर ठेवायचा: हा माणूस गेला तेव्हाच्या जिममध्ये आणि आजच्या जिममध्ये असा काय फरक आहे, की ज्याने त्याची अडचण सुटेल? उत्तर मिळालं तर मेसेज अर्धा लिहून झाला. नाही मिळालं तर मेसेज पाठवू नका. आधी जिममध्ये काहीतरी बदला.

आधी यादी, मग शब्द

वहीतून किंवा सॉफ्टवेअरमधून पॅकेज संपल्याची तारीख लगेच मिळते, पण तिच्यापेक्षा महत्त्वाची असते शेवटच्या हजेरीची तारीख. सहा महिन्यांचं पॅकेज घेऊन दुसऱ्याच महिन्यात थांबलेला आणि शेवटच्या दिवसापर्यंत येऊन रिन्यू न केलेला, ही दोन वेगळी माणसं आहेत. पहिल्याला जिम जमली नाही. दुसऱ्याला ती आवडत होती, मध्येच काहीतरी आडवं आलं. सुरुवात दुसऱ्यापासून करा.

ज्यांचं पॅकेज अजून चालू आहे पण जे येत नाहीत, त्यांची यादी वेगळी ठेवा. 'त्यांना जागं कशाला करा, पैसे तर भरलेत' असा विचार करणारे मालक मी पाहिले आहेत. असे मेंबर मुदत संपल्यावर परत येत नाहीत, आणि बाहेर 'पैसे पाण्यात गेले' असं सांगतात ते जिमचं नाव घेऊन. त्यांना मेसेज जरूर करा, पण त्यात विक्रीचा शब्दही नको. मुदत किती उरली आहे आणि ती काही दिवस थांबवून पुढे ढकलता येते का, एवढंच सांगा.

आता यादीतून नावं काढायला लागा. फीच्या परताव्यावरून वाद झालेले, जिममध्ये दुखापत झालेले, गाव सोडून गेलेले आणि 'मेसेज करू नका' असं एकदा सांगितलेले, हे सगळे बाहेर. कोणाच्या घरी नुकतंच काही दुःखद घडल्याचं ट्रेनरला माहीत असेल तर तेही नाव या वेळी नको. गरोदरपणामुळे थांबलेल्या बाईला तर आपण होऊन असा मेसेज पाठवूच नये, कारण मधल्या काळात तिच्याकडे काय घडलं हे आपल्याला ठाऊक नसतं.

उरलेल्या नावांसाठी ट्रेनरला शेजारी बसवा. काउंटरवरच्या मुलापेक्षा ट्रेनरला खूप जास्त माहीत असतं. प्रत्येक नावापुढे एकच शब्द लिहायचा: वेळ, गर्दी, दुखणं, ट्रेनर, पैसे किंवा माहीत नाही. तासाभरात यादीचे तीन-चार गट पडतात. 'पैसे' हा गट मालकांना वाटतो त्याहून बराच लहान निघतो, आणि 'वेळ' हा सर्वांत मोठा.

सवलत शेवटी का

सवलत द्यायला सोपी, म्हणून ती सगळ्यात आधी सुचते. पण संध्याकाळी सात वाजता ट्रेडमिलसाठी पंधरा मिनिटं उभं राहायला लागत होतं म्हणून जो गेला, त्याला 40% सूट देऊन काय होणार? तो स्वस्तात उभा राहील. शिवाय वस्तीतली जिम म्हणजे सगळे एकमेकांना ओळखणारे. नियमित फी भरणाऱ्याला कळतंच की मध्येच सोडून गेलेल्याला आपल्यापेक्षा कमी पैशात मिळालं. पुढच्या वेळी तोही मुदत संपवून दोन महिने घरी बसतो आणि तुमच्या मेसेजची वाट पाहतो.

वार्षिक पॅकेजची सूट तर उलटच काम करते. जो आज तीन दिवस येऊ शकेल की नाही याबद्दल साशंक आहे, त्याला तुम्ही वर्षाचे पैसे मागता. त्याला हवं असतं छोटं, परत फिरता येईल असं पाऊल. तीन दिवस मोफत, पैशांची बोलणी नंतर, एवढं पुरतं. आणि ते तीन दिवस सकाळी दहानंतरच्या किंवा दुपारच्या मोकळ्या वेळेत दिले तर जिमचा खर्च ट्रेनरच्या तासाभरापलीकडे जात नाही. यंत्रं त्या वेळी तशीही रिकामी असतात.

ज्यांच्या नावापुढे खरोखर 'पैसे' लिहिलं आहे, त्यांना सूट देण्याऐवजी छोटा पर्याय द्या: एका महिन्याची फी, किंवा आठवड्यातून तीन दिवसांचं पॅकेज. तो पर्याय सर्वांसाठी खुला ठेवा, म्हणजे नियमित मेंबर दुखावत नाही.

एक मेसेज, वाक्या-वाक्याने

एक उदाहरण घेऊ. चाळिशीतल्या एक बाई. सहा महिने संध्याकाळच्या बॅचला नियमित येत होत्या, फेब्रुवारीत थांबल्या, मार्चअखेर पॅकेज संपलं. ट्रेनरला आठवतं की त्यांच्या मुलाची दहावी होती. आता जूनचा तिसरा आठवडा आहे, शाळा-कॉलेजं सुरू झाली आहेत, आणि जिमने याच महिन्यात सकाळी उशिराची नवी बॅच काढली आहे. त्यांना पाठवायचा मेसेज असा:

"नमस्कार ताई, मी ____, ____ जिममधली संध्याकाळच्या बॅचची ट्रेनर. या महिन्यापासून आपल्याकडे सकाळी 10 ते 11:30 अशी नवी बॅच सुरू झाली आहे. त्या वेळेला गर्दी नसते आणि मी स्वतः असते. तुम्हाला ही वेळ सोयीची असेल तर पुढच्या आठवड्यात कुठलेही तीन दिवस येऊन बघा, त्याचे पैसे नाहीत. पहिल्या दिवशी अर्धा तास हलकाच व्यायाम करू, जुनी वजनं लगेच घ्यायची नाहीत. यायचं असेल तर फक्त वार कळवा. सध्या जमणार नसेल तरी हरकत नाही. असे मेसेज नको असतील तर 'नको' एवढं लिहा, परत पाठवणार नाही."

पहिल्या ओळीत माणूस आहे. व्हॉट्सॲपची सूचना स्क्रीनवर येते तेव्हा सुरुवातीचे मोजकेच शब्द दिसतात. तिथे जिमचं नाव आणि 'ऑफर' दिसलं तर मेसेज न उघडताच बाजूला सरकतो. ओळखीच्या ट्रेनरचं नाव दिसलं तर तो उघडला जातो. म्हणून मेसेज ट्रेनरच्या नावाने जावा, आणि तो खरंच त्याच ट्रेनरने वाचलेला असावा, कारण उत्तर तिलाच द्यायचं आहे.

दुसऱ्या वाक्यात बातमी आहे. किती दिवस झाले, का आला नाहीत, यातलं काही नाही. बातमी जिमबद्दलची आहे, बाईंबद्दलची नाही. अपराधीपणा टाळायचा याचा व्यवहारातला अर्थ हाच, की वाक्याचा कर्ता बदलायचा. 'तुम्ही आला नाहीत' याच्या जागी 'आम्ही हे सुरू केलं' असं लिहायचं. 'बऱ्याच दिवसांत दिसला नाहीत' हे वाक्य तोंडी, रस्त्यात भेटल्यावर प्रेमाचं वाटतं. लिहून आलं की तेच वसुलीच्या नोटिशीसारखं वाचलं जातं. 'आम्ही तुम्हाला मिस करतोय' हेही नको. फीच्या वहीतून उचललेल्या नंबरावर आलेल्या या वाक्यावर कोणाचा विश्वास बसत नाही.

मुलाच्या दहावीचा उल्लेख मुद्दाम केलेला नाही. आपुलकीने लिहावासा वाटतो, पण निकाल लागून गेलेला आहे आणि तो कसा लागला हे आपल्याला माहीत नाही. माहिती वापरायची ती योग्य वेळ आणि योग्य सोय निवडण्यासाठी. ती मेसेजात उतरवायची गरज नाही. वजनाबद्दलही हेच. आधीचं वजन, आताचा अंदाज, पोट, कपडे यातलं काहीच नको. आधी-नंतरचे फोटो जोडणं तर सरळ उलट फिरतं, कारण बघणारा स्वतःला 'आधी'च्या बाजूला उभं करतो.

'पहिल्या दिवशी अर्धा तास हलकाच' हे वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटतं, आणि बहुतेक मेसेजांत तेच नसतं. परत येणाऱ्याला दोन भीती असतात. एक, पूर्वी उचलायचो ते आता उचलता येणार नाही आणि सगळे बघतील. दुसरी, दुसऱ्या दिवशी अंग इतकं दुखेल की जिना उतरता येणार नाही. दोन्ही खऱ्या आहेत. काही आठवडे खंड पडला की आधी दम कमी होतो. ताकद त्यामानाने जास्त टिकते, आणि पूर्वी कमावलेली ताकद नव्याने कमावण्यापेक्षा लवकर परत येते. पण पहिल्याच दिवशी जुन्या वजनांना हात घातला तर पुढचे एक ते तीन दिवस स्नायू चांगलेच ठणकतात आणि माणूस पुन्हा घरी बसतो. हलक्या सुरुवातीचं आश्वासन मेसेजातच दिलं की दोन्ही भीती एका ओळीत कमी होतात. अर्थात ते पाळावं लागतं.

उत्तर देणं सोपं ठेवलं आहे: फक्त वार. 'अधिक माहितीसाठी कॉल करा' असं लिहिलं की बाई मनात म्हणतात, कॉल केला तर गळ्यातच पडतील. शेवटची दोन वाक्यं मालकांना नेहमी खटकतात. 'नको म्हणायची वाट आपणच का दाखवायची?' असं ते विचारतात. कारण ती वाट नसली तर माणूस नंबर ब्लॉक करतो किंवा रिपोर्ट करतो, आणि असे रिपोर्ट वाढले की व्हॉट्सॲप जिमचा नंबरच बंद करू शकतं. मग चालू मेंबरना सुट्टीचा निरोप पाठवायचीही सोय राहत नाही.

बाकीच्या गटांसाठी

दुखण्यामुळे गेलेल्यांना लिहिताना हात आखडता घ्या. 'आमच्याकडे या, गुडघा बरा होईल' असं जिमने कधीही लिहू नये. एवढं पुरे: "डॉक्टरांनी व्यायामाला हो म्हटलं असेल तर सांगा. गुडघ्यावर भार न येणाऱ्या व्यायामांचा वेगळा तक्ता आपण पहिल्या दिवशी बसून करू. डॉक्टरांनी काय टाळायला सांगितलं आहे तेवढं सोबत आणा." ही ओळ पाठवण्याआधी तुमच्या ट्रेनरला असा तक्ता करता येतो याची खात्री करून घ्या. येत नसेल तर या गटाला मेसेज नको.

ट्रेनर बदलला म्हणून गेलेल्यांना गोलगोल बोलू नका. जुना ट्रेनर परत आला असेल तर ती बातमीच पुरेशी आहे. आला नसेल तर नव्या ट्रेनरने स्वतः लिहावं: "तुमच्या व्यायामाची जुनी वही माझ्याकडे आहे, तिथूनच पुढे सुरू करू."

कॉलेजच्या पोराला जिममध्ये सगळे 'तू' म्हणत असतील आणि मेसेजात अचानक 'आपण पधारावे' असा सूर लागला, तर तो हसून मित्रांना स्क्रीनशॉट पाठवेल. "अरे, नवीन पॉवर रॅक आलाय, स्क्वॅटसाठी आता थांबायला लागत नाही. शनिवारी येऊन बघ, फी नंतर बघू," एवढं त्याला पुरतं. जी भाषा जिममध्ये, तीच मेसेजात. मोठ्या माणसांना अर्थात 'काका', 'सर' किंवा 'मॅडम', जे रोज म्हणत होतात तेच.

'माहीत नाही' हा गट राहतो. त्यांना एक सरळ प्रश्न चालतो: "जिममध्ये काय वेगळं असतं तर तुम्हाला सोयीचं झालं असतं? एका शब्दात सांगितलं तरी चालेल. हा रिन्यूसाठीचा मेसेज नाही." मग खरोखर त्याच मेसेजात रिन्यूचं काही लिहू नका, आणि उत्तर आलं की लगेच पॅकेजची यादीही धाडू नका.

कधी आणि कसा पाठवायचा

जूनचा दुसरा पंधरवडा आईवर्गासाठी चांगला, कारण घराचं वेळापत्रक शाळेभोवती पुन्हा बसलेलं असतं. गणपती उठल्यावर अनेकांना सुरुवात करावीशी वाटते, पण लगेच पितृपक्ष लागतो आणि त्यात नवं काही सुरू न करणारी घरं भरपूर आहेत. त्यांच्यासाठी नवरात्राच्या तोंडावर लिहिलेलं बरं. दिवाळीच्या आठवड्यात फराळावरून कोटी करणारा मेसेज अजिबात नको. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या घरांना त्रास देऊ नये. वेळ दुपारची, साधारण अकरा ते चार. सकाळी सहाला आलेला जिमचा मेसेज हाच एक टोमणा असतो.

व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टवर भिस्त ठेवू नका. ब्रॉडकास्ट फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी जिमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलेला आहे, आणि जिम सोडलेल्यांनी तो बहुधा काढून टाकलेला असतो. सगळ्यांना एका ग्रुपमध्ये घालणं त्याहून वाईट, कारण सर्वांचे नंबर सर्वांना दिसतात आणि 'जिम सोडलेल्यांची यादी' जाहीर होते. बायकांच्या नंबरांबाबत हे फारच गंभीर आहे. साध्या एसएमएसने एकगठ्ठा पाठवायचं तर दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांप्रमाणे डीएलटी या व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणी-व्यवस्थेवर नोंदणी आणि मजकुराची मंजुरी लागते. शंभरभर नावांच्या जिमला तो खटाटोप परवडत नाही.

सरळ मार्ग म्हणजे रोज दहा-पंधरा मेसेज, एकेकाला, नाव बदलून. आकडा लहान ठेवायचा कारण उत्तरं त्याच दिवशी द्यायची असतात. 'बुधवारी येते' याला गुरुवारी उत्तर मिळालं तर ती बाई येत नाही. नाव बदलताना घाई करू नका. एकाच्या मेसेजात दुसऱ्याचं नाव राहिलं की सगळी आपुलकी उघडी पडते.

उत्तरच आलं नाही तर दहा-बारा दिवसांनी एक आठवण, दोन ओळींची, आणि त्यात 'मागचा मेसेज पाहिलात का' हे नको. "ताई, सकाळच्या बॅचचे तीन दिवस या महिनाअखेरपर्यंत कधीही घेता येतील," इतकंच. मुदत लिहिली तर ती खरी असावी. त्यानंतर थांबा. निळ्या टिका दिसतात म्हणून फोन करणं म्हणजे माणसाला पकडल्यासारखं आहे.

"बघते", "पुढच्या महिन्यापासून नक्की" ही उत्तरं सर्वांत जास्त येतात. आपल्याकडे तोंडावर 'नाही' म्हणायची पद्धत नाही, त्यामुळे यातली बरीचशी 'नाही'च असतात. त्यावर 'पुढच्या महिन्यापासून का, आजपासूनच का नाही?' असं छेडू नका. "चालेल ताई, जमेल तेव्हा या," असं लिहा, वहीत नोंद करा आणि पुढच्या महिन्यात आपण होऊन विचारू नका. काही जणी खरंच येतात. तारखेचं ओझं नसतं म्हणून येतात.

दारातला पहिला मिनिट

इतकं जपून लिहिलेला मेसेज काउंटरवर एका वाक्यात वाया जातो. "अरे वा, आज सूर्य कुठून उगवला?" किंवा "काय मॅडम, वाट चुकलात का?" हे गमतीत म्हटलं जातं आणि नेमकं लागतं. मेसेज सुटण्याआधी काउंटरवरच्या मुलाला, ट्रेनरना आणि हो, मालकालाही बसवून सांगा की परत आलेल्या माणसाला "या, बसा, ट्रेनरला बोलावतो" यापलीकडे काही म्हणायचं नाही. कोण कधी येणार ती नावं काउंटरवर लिहिलेली असावीत, म्हणजे 'तुमचं नाव काय?' असं विचारायची वेळ येत नाही. वजनकाट्यावर पहिल्या दिवशी उभं करायचं नाही. त्यांनी मागितलं तर गोष्ट वेगळी.

व्यायाम ठरल्याप्रमाणे अर्धा तासच. थोडं चालणं, मोठ्या स्नायूंचे चार-पाच व्यायाम, पूर्वीच्या साधारण निम्म्या वजनाने, प्रत्येकी दोन सेट, आणि बस. त्यांना जोर आला आणि आणखी करते म्हणाल्या तरी ट्रेनरने थांबवावं. तिसऱ्या दिवसापर्यंत फीचा विषय काढायचा नाही, आणि काढल्यावर आधी एका महिन्याचा पर्याय सांगायचा.

मेसेज चालला की नाही हे उत्तरांच्या संख्येवरून ठरवू नका. गोड उत्तरं खूप येतात. वहीत तीन रकाने आखा: कोणत्या गटाला पाठवला, पहिल्यांदा कधी आले, दुसऱ्यांदा कधी आले. पहिली भेट मेसेजमुळे होते, दुसरी जिममुळे. बरेच जण एकदा येऊन परत दिसले नाहीत तर मजकुरात फेरफार करत बसू नका, पहिल्या दिवशी आत काय घडलं ते ट्रेनरला विचारा. आणि एखाद्या गटातून कोणीच आलं नाही, तर त्या गटापुढे लिहिलेला शब्द चुकला असण्याची शक्यता जास्त. ती नावं 'माहीत नाही' गटात टाका आणि पुढच्या हंगामापर्यंत त्यांना काही पाठवू नका.